अनुभव धागा : मुलाखतीच्या फेऱ्या किती आणि वेळ किती, हे सुरुवातीलाच विचारावे का?

धागाकर्ती

अर्ज केल्यानंतर थोड्याच दिवसांत ‘फेऱ्या किती असतील आणि एकूण साधारण किती वेळ लागेल’ असे विचारावे की गप्प बसावे, यावरून आमच्या घरात दोन तट पडले आहेत. ज्यांनी असे विचारले, ज्यांनी मुद्दाम टाळले आणि ज्यांना उमेदवारांनी असे विचारले, त्या सगळ्यांचे अनुभव येथे वाचायला आवडतील. सुरुवात माझ्यापासून करते.

मी एकाच सुमारास दोन ठिकाणी अर्ज केले होते. पहिल्या ठिकाणाहून चौथ्या दिवशी मेल आला की प्राथमिक संभाषणासाठी सोयीची वेळ कळवा. वेळ कळवतानाच मी एक वाक्य जोडले : “या पदासाठी एकूण किती फेऱ्या आहेत आणि निर्णयापर्यंत साधारण किती आठवडे लागतात, हे कळल्यास सध्याच्या कामातून रजा घेणे मला सोपे जाईल.” दुसऱ्या दिवशी उत्तर आले. अर्ध्या तासाचे फोनवरील संभाषण, घरी सोडवायची लेखी चाचणी, तिघांच्या पॅनेलसमोर मुलाखत आणि शेवटी विभागप्रमुखांची भेट, अशा चार फेऱ्या. एकूण तीन ते चार आठवडे.

दुसऱ्या ठिकाणी मी काहीच विचारले नाही, आणि तेथून पंधराव्या दिवशी, दोनच फेऱ्यांनंतर, थेट ऑफर आली. उत्तरासाठी मुदत पाच दिवसांची होती. पहिल्या ठिकाणी माझी लेखी चाचणी झाली होती आणि नेमक्या दोन फेऱ्या उरल्या आहेत हे मला ठाऊक होते, म्हणून त्या दोन्ही याच आठवड्यात घेता येतील का, असे मी मुदतीचा उल्लेख करून विचारू शकले. त्यांनी अठराव्या दिवशी दोन्ही फेऱ्या लागोपाठ घेतल्या आणि विसाव्या दिवशी फोनवर निवड झाल्याचे सांगितले. लेखी पत्र मात्र येईना. दुसऱ्या ठिकाणाहून तीन दिवसांची मुदतवाढ मिळवली, तीही संपली, आणि केवळ तोंडी शब्दावर हातातली ऑफर सोडण्याचे धैर्य न झाल्याने मी तिचा स्वीकार केला. पहिल्या ठिकाणचे पत्र एकतिसाव्या दिवशी आले. त्यांनी सांगितलेले ‘तीन ते चार आठवडे’ निवडीच्या निर्णयापर्यंतचे होते आणि मी ते पत्र हातात पडेपर्यंतचे समजून बसले होते.

जुना गडी

माझे मत स्पष्ट आहे : असे विचारू नये, उमेदवार उतावळा वाटतो. वीस वर्षांत मी कधी विचारले नाही आणि माझे काही अडले नाही. माझ्या मेव्हण्याने अर्जाची पोच आली त्याच पत्त्यावर दोन दिवसांत तीन मेल पाठवले. एकाचेही उत्तर आले नाही आणि पुढे मुलाखतीचे बोलावणेही आले नाही.

भरतीवाली

गेली अकरा वर्षे मी उमेदवार निवडीचेच काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. जुना गडी यांचे निरीक्षण खरे आहे, पण त्यांनी काढलेले कारण मला पटत नाही. पोच देणारा पत्ता बहुतेक वेळा यंत्राचा असतो आणि तेथे आलेली पत्रे कोणी उघडतही नाही. शिवाय अर्जाची अंतिम तारीख उलटेपर्यंत छाननी सुरू झालेली नसेल, तर माझ्याकडेही सांगण्यासारखे काही नसते. ज्या दिवशी भरती विभागातील माणूस स्वतःच्या नावाने पहिल्यांदा मेल करतो किंवा फोन करतो, तो दिवस या प्रश्नासाठी योग्य. तेव्हा विचारणाऱ्याला आम्ही उतावळे समजत नाही. उलट असे उमेदवार रजेच्या अडचणीने ऐन वेळी मुलाखत पुढे ढकलत नाहीत, असा माझा तरी अनुभव आहे.

मात्र या प्रश्नाच्या दोन भागांना मिळणाऱ्या उत्तरांचे वजन सारखे नसते. फेऱ्यांची संख्या सहसा जाहिरात देण्यापूर्वीच ठरलेली असते. आठवड्यांचा आकडा मात्र सगळे सुरळीत झाले तर काय, याचा अंदाज असतो, कारण मुलाखत घेणारी माणसे आपापली कामे सांभाळून ती घेतात. गेल्या एका भरतीत निवडलेल्या उमेदवाराच्या सर्व मुलाखतींचा वेळ मिळून चार तासही भरला नव्हता, पण ते चार तास सहा आठवड्यांवर पसरले होते. त्यातले सतरा दिवस फक्त पॅनेलमधल्या तिघांची मोकळी वेळ एकत्र जुळण्यात गेले. निवडीनंतर वेतनाची मंजुरी आणि आधीच्या नोकरीतील संदर्भांची चौकशी असते, आणि तो काळ आम्ही अंदाजात बहुधा धरतच नाही. धागाकर्तीला नडले ते हेच. म्हणून ‘किती आठवडे’ एवढेच न विचारता ‘लेखी पत्र मिळेपर्यंत किती’ असे विचारावे.

‘अजून ठरलेले नाही’ असे उत्तर मिळाले, तर पद मंजूर व्हायचे असण्याची किंवा काय तपासायचे यावर विभागातच एकमत नसण्याची शक्यता असते. अशा वेळी पुढची एकच फेरी कोणती आणि ती कोणत्या तारखेपर्यंत होईल, एवढे विचारले तरी पुरते.

पाऊलवाट

माझाही अनुभव असाच आहे. मुलाखत झाल्यावर दोन आठवडे वाट पाहिली, मग निकालाची चौकशी केली, तर माणूस केव्हाच रुजू झाल्याचे कळले. नकार कळवण्याची साधी पद्धतही उरलेली नाही.

धागाकर्ती

पाऊलवाट, ही चौकशी सगळे उरकल्यानंतरची झाली. मी सुरुवातीच्या प्रश्नाबद्दल विचारते आहे. तुम्ही सुरुवातीला काही विचारले होते का?

पाऊलवाट

नाही. तेव्हा सुचलेच नाही.

कोरी पाटी

मी विचारले होते, उत्तर ‘तीन फेऱ्या’ असे मिळाले आणि प्रत्यक्षात सहा झाल्या. चौथीचे बोलावणे आले तेव्हा बुचकळ्यात पडलो, पण आधीचा आकडा लेखी असल्याने नम्रपणे विचारता आले की ही फेरी कशासाठी वाढली आणि आधी न तपासलेले काय यात तपासले जाणार आहे. तेव्हा कळले की ज्यांच्या हाताखाली काम करायचे ते अधिकारीच बदलले आहेत आणि नव्यांना पहिल्यापासून बोलायचे आहे. सहाव्या फेरीनंतर नकार आला. चौथ्याच वेळी माघार घ्यायला हवी होती का, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

भरतीवाली

एखादी फेरी वाढणे नेहमीचे आहे. तीन वाढल्या तर मी स्वतः उमेदवाराला फोन करून कारण सांगते, पण सगळीकडे तसे होत नाही.

सावली

मला ऐकू कमी येते आणि मुलाखतीला सांकेतिक भाषेचा दुभाषी लागतो, ज्याची वेळ बरीच आधी ठरवावी लागते. त्यामुळे किती फेऱ्या, किती वेळाच्या, समोरासमोर की फोनवर, हे विचारणे मला टाळताच येत नाही. एके ठिकाणी पहिली फेरी फोनवर होती. आधीच विचारल्यामुळे ती लेखी चॅटवर घेण्यात आली. भरतीवाली, मी हल्ली हे अर्जासोबतच्या पत्रातच लिहिते. ते योग्य ठरते का?

भरतीवाली

सोयीची गरज पत्रात अवश्य लिहावी. फेऱ्यांचा प्रश्न मात्र तेथे हरवतो, कारण छाननी करताना माझ्यासमोर बायोडेटा असतो आणि सोबतचे पत्र मी बहुतेक वेळा नंतर उघडते.

कोरी पाटी

माझ्या एका मैत्रिणीला पत्रातल्या याच प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले होते. संस्था लहान होती आणि पत्रे मालक स्वतः वाचत असत.