निरंक, शून्य की कोरं?

खानापूरकर: आरोग्य उपकेंद्राच्या महिन्याच्या लसीकरण अहवालात एखादा रकाना कोरा राहिला तर त्याला निरंक म्हणायचं का? आमच्यात जुनी माणसं निरंक लिहितात, नवीन पोरी नुसती आडवी रेघ मारतात, कुणी शून्य घालतंय.

चिकोडीचा दादा: एकच की हो सगळं. बेरजेला शून्य काय नि कोरं काय, उत्तर तेच येतंय.

आकडेवाल्या ताई: दादा, बेरीज तीच येते हे खरं, पण घोळ तिथंच आहे. निरंक म्हणजे रजिस्टर बघितलं आणि काहीच नव्हतं, कोरं म्हणजे बघितलं की नाही तेच कळत नाही. समजा पीएचसीखाली पाच उपकेंद्रं आहेत, पेंटा ३ चे, म्हणजे पेंटा लशीच्या तिसऱ्या डोसचे आकडे ९, ७, ८, ६ आणि एक कोरं, बेरीज ३०. पेंटा १ झालेत ४०, म्हणजे पंचवीस टक्के पोरं मधेच गळाली असं दिसतं. पाचही अहवाल वेळेत आलेत म्हणून वर पूर्णता शंभर टक्के, पण या रकान्यापुरती ती ऐंशीच. आता त्या कोऱ्या उपकेंद्राचा पोलिओ ३ बघा, तिथं ८ लिहिलंय. चौदाव्या आठवड्याला दोन्ही एकाच बैठकीत देतात, म्हणून रजिस्टर उघडायचं. तिथं पेंटा ३ पण ८ सापडले तर बेरीज ३८ नि गळती पाच टक्के.

चिकोडीचा दादा: मग पोलिओचा आकडा बघून थेट ८ भरून टाकायचा की.

आकडेवाल्या ताई: नको हो तसं! पेंटा संपलेलं असेल नि त्या दिवशी नुसता पोलिओ दिला असेल तर खरं उत्तर शून्यच. साठ्याचं रजिस्टर बघा, वायल उघडलीच नसेल तर आठ पोरांना कुठनं देणार? अंदाजानं भरलेला आकडा कोऱ्यापेक्षा वाईट, तो नंतर कुणाला शोधता येत नाही.

निपाणीची सून: माझ्या बाळाचा पहिला डोस इथं झाला नि तिसरा माहेरी कागलला, कार्डावर सगळं आहे, तर परत द्यायला लागंल का?

आकडेवाल्या ताई: नाही गं, कार्ड दाखव, पुरे. पण तुझ्यामुळं एक आठवलं, सीमेवर हे कायम होतं. इथं पेंटा १ जास्त दिसतो, तिकडं ३ जास्त, आणि दोन्हीकडचे आकडे बरोबर असतात. शिवाय एका महिन्यातली १ ची नि ३ ची पोरं वेगळीच असतात, लहान उपकेंद्रात ३ चा आकडा १ पेक्षा मोठा आला म्हणून लगेच एएनएमला धरू नका, वर्षभराचे जोडून बघा.

खानापूरकर: म्हणजे बघून काही नसेल तर निरंक, नाहीतर कोरं. पण पावसात रस्ता तुटला, लसीकरणाचं सत्रच झालं नाही, तर काय लिहायचं?

चिकोडीचा दादा: निरंकच की, पोरं शून्यच की झाली.

आकडेवाल्या ताई: पोरं शून्य हे बरोबर, पण शेजारी ‘सत्र झालं नाही’ हे लिहिल्याशिवाय मी तरी तो अहवाल पुढं पाठवत नाही. याला एकच शब्द असला तर सांगा कुणीतरी.