मदत हवी: दिवाळी हॅम्परचं ॲडव्हान्स किती घ्यावं अन् ऑर्डर कधी बंद करावी? (नागपूर)

धरमपेठची_सुगरण:
नमस्कार मंडळी, मी घरूनच फराळ करते, गेल्या दिवाळीला एका ऑफिसने 40 हॅम्पर सांगितले होते अन् धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी फोन आला की ताई 26 च द्या. डब्यांवर त्यांचा लोगो छापलेला, मी ॲडव्हान्स घेतलं होतं सरसकट 100 रुपये डब्यामागे, बाकीचं अंगावर आलं. अनारसे शेजारीपाजारी वाटले शेवटी.
एका हॅम्परमधे अनारसे, चकली, चिवडा, शंकरपाळे अन् पाव किलो संत्रा बर्फी. साहित्य 410, डबा अन् पिशवी 85, गॅस आणि मदतीच्या मावशींची मजुरी मिळून 65, म्हणजे मला 560 ला पडतो, विकते 800 ला. लोगोवाल्याला छपाईचे 35 जास्त लागतात पण ते मी मागितलेच नव्हते, लाज वाटली. यंदा किती घेऊ? आणि शेवटची तारीख कोणती सांगू, लोकं तर वसुबारसेला पण मेसेज करतात!

इतवारीकर:
संत्रा बर्फी किलोनं मिळेल का ताई? मले फक्त दोन किलो पायजे, पुण्याला न्यायची आहे.

धरमपेठची_सुगरण:
दादा, तुम्ही मेसेज करा, इथे वेगळं चाललंय 🙂

बिल_फाटा:
सरळ 50 टक्के घ्या आणि मेसेजमधे लिहून टाका, ॲडव्हान्स परत मिळणार नाही. विषय संपला.

महालची_काकू:
संपत नाही रे बाबा. मी बरीच वर्षं ऑर्डरी घेते म्हणून सांगते. सगळ्यांना एकच टक्का लावायचा नाही, ऑर्डर तुटली तर माझे किती अडकतात ते बघायचं. सुगरण, तुझा साधा डबा परत आला तर डबा दुसऱ्याला चालतो, 85 वाचले. फराळ सुटा विकला तर समज 300 तरी येतात. 560 मधून 385 वजा, राहिले 175. म्हणजे घरगुती गिऱ्हाइकाकडून 200 पुरे, त्याहून जास्त मागितलंस तर उगीच बिचकतात.
लोगोवाल्याचं वेगळं. खर्चच 595, डबा रद्दीत, आणि चौदा डब्यांचा माल एकदम हातात आला की लक्ष्मीपूजनाच्या तोंडावर अर्धाच खपतो, म्हणजे 150 धर. अडकले 445. त्याची किंमत 850 कर, लाज कसली, छपाई त्याचीच आहे. निम्मे म्हणजे 425 घेतलेस तरी 20 खिशातून जातात, म्हणून 60 टक्के घे, 510 होतात. आणि आकडा पक्का झाल्याशिवाय छपाईला टाकायचं नाही.

धरमपेठची_सुगरण:
काकू हे डोक्यातच आलं नव्हतं! आणि तारीख?

महालची_काकू:
तारीख अनारसे ठरवतात. तांदूळ तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलून. मग कापडावर सुकवून दळायचा आणि गूळ घालून पीठ निदान चार-पाच दिवस मुरवायचं, घाई केली की तळताना कढईत विरघळतात. त्यात दोन दिवस तळण आणि पॅकिंग. दहा-अकरा दिवस तर असेच गेले. म्हणून मी कोजागिरीला ऑर्डर बंद करते, तिथून धनत्रयोदशी बारा-तेरा दिवसांवर असते. आणि बुकिंग घटस्थापनेला उघडते, पितृपक्षात कोणी पैसे काढत नाही बाप्पा. उशिरा येणाऱ्याला बिनअनारशाचा डबा दे, पण पूर्ण पैसे आधी.

बिल_फाटा:
पण काजू-तूप दिवाळीपर्यंत महागलं तर? 800 कबूल केलेत म्हणजे 800 च.

महालची_काकू:
म्हणून तर ॲडव्हान्स आलं की त्याच आठवड्यात तूप, काजू, डाळ भरून ठेवायची. हा मुद्दा बरोबर आहे तुझा. खवा मात्र आधी घेता येत नाही, आंबट होतो. तुझ्या बर्फीत खवा असेल तर ती शेवटच्या दोन दिवसांतच करावी लागेल अन् खवा तेव्हाच महाग असतो. मी हिशोब धरतानाच खव्याला थोडा चढा भाव धरते, उरले तर आपले.

सदरवाली:
माझ्याकडे वेगळंच झालं होतं. गिऱ्हाइकाच्या घरी सुतक लागलं, त्यांनी ॲडव्हान्स परत मागितलं, मी नाही म्हटलं कारण तसं लिहिलेलं होतं. तेव्हापासून त्या बाई वळून बघत नाहीत.

महालची_काकू:
सुतकात मी अर्धे परत देते.

बिल_फाटा:
मग लिहून ठेवायचं कशाला? एकदा दिलं की दुसरा ऑफिसवाला पण काहीतरी कारण सांगेल.

सदरवाली:
ऑफिसला कुठलं सुतक 😄 पण खरंच, नियम एकच ठेवावा की माणूस बघून?

धरमपेठची_सुगरण:
याचं माझंही काही ठरत नाहीये. बाकी घरगुती 200, लोगो 510 आणि कोजागिरी हे आजच स्टेटसला टाकते. इतवारीकर दादा, दोन किलोचे ॲडव्हान्स पाठवा आधी.

इतवारीकर:
किती?