मदत हवी आहे: रॉकर सोलच्या बुटांनी अंगठा सुटला, पण गुडघा धरला

चवडा
वय ४८. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजून आखडलाय. धावताना टाच उचलली की तिथे कळ यायची. म्हणून जाड कुशनचे, पुढे वर वळलेल्या रॉकर सोलचे बूट घेतले. पहिल्याच दिवशी अंगठा शांत! आठवड्याचे २५ किमी सगळे त्यातच धावलो. तिसऱ्या आठवड्यापासून उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे दुखतंय, जिना उतरताना जास्त. सरावाने जाईल का?

निवांत_धावक
एवढं कुशन असताना गुडघ्याला धक्का बसेलच कसा? अजून मऊ घेऊन बघा.

फिजिओताई
मऊ बूट म्हणजे धक्का कमी, असं सरसकट नसतं. खाली मऊ लागलं की आपण नकळत पाय जास्त ताठ टेकवतो. वेगात धावताना जाड बुटांत आदळणं वाढल्याचंही मोजलं गेलंय.

चवडा, तुमच्या बाबतीत मला रॉकरचा संशय आहे. साध्या बुटात टाच उचलताना अंगठा वर वाकावाच लागतो. रॉकरचा ताठ सोल वाकत नाही, झुलत्या खुर्चीसारखा पुढे कलतो, म्हणून तुमची कळ गेली. त्यात घोटा आणि पोटरीही कमी राबतात, आणि त्यांच्या वाटचा भार काही जणांच्या गुडघ्यावर येतो. तीन आठवडे सलग तेच झालं असावं.

बूट टेबलावर ठेवून बाजूने बघा. वळण चवड्याच्या फुगीर भागाच्या जरा मागे सुरू व्हायला हवं. बोटांखाली सुरू होत असेल तर अंगठ्याला फायदा कमीच.

रानवारा
माझी टाचेमागची शीर दुखते. मीही घेऊ का?

फिजिओताई
पोटरीचा जोर कमी लागतो, त्यामुळे बरं वाटू शकतं. पण शीर बळकट करायचे व्यायाम सोडू नका.

मीनल_क
सासूबाईंचा अंगठा असाच आहे. त्यांना घरात वापरायला आणू का?

फिजिओताई
आधी त्यांचा तोल बघा, मीनल. उंच, मऊ तळावर घोटा डगमगतो. तळपायाला बधिरपणा असेल तर नकोच.

चवडा
ताई, वळण बरोबर जागी आहे. मग जुने बूट परत काढू?

फिजिओताई
नको, अंगठा पुन्हा बोलेल. आधी अंतर निम्म्यावर आणा, पावलं आखूड आणि जरा भरभर टाका, उतार टाळा. गुडघा सुजला किंवा अडकला तर धावणं थांबवून दाखवून घ्या.

निवांत_धावक
मला तरी मऊ बुटांनी कधी गुडघेदुखी झाली नाही.

चवडा
दोन आठवड्यांनी सांगतोय. आठवड्याला १२ किमीवर आलो, जिना आता सुसह्य आहे. काल आठवड्याचे १५ पूर्ण केले तर वाटीमागे पुन्हा जाणवलं. कमी ताठ सोलचा रॉकर कोणी वापरलाय का? अंगठ्याला तेवढाही पुरतो का?