छाटणीच्या चर्चासत्राच्या स्लाइड्स: ब्राउझरमध्येच ठेवायच्या की पेनड्राइव्हवर उतरवायच्या?

दिंडोरीचा बागायतदार
आमच्या द्राक्ष गटाचं गोडी छाटणीआधीचं चर्चासत्र पुढच्या आठवड्यात गावच्या मंगल कार्यालयात आहे. स्लाइड्स आम्ही चौघं मिळून गूगल स्लाइड्समध्ये करतोय: मी, गटाचे सल्लागार सर, फवारणीच्या नोंदी ठेवणारा भाचा आणि नाशिकरोडला राहणारी बहीण. हॉल भरला की तिथं मोबाइलचं नेट चालत नाही. सर म्हणतात, ऑफलाइन चालू केलंय, निश्चिंत राहा. बहीण म्हणते, पेनड्राइव्हवर कॉपी पाहिजेच. लॅपटॉप हॉलवाल्यांचा असणार आहे. कोणाचं ऐकू?

सातपूरकर
सरांचं ऐका. `File` मध्ये `Make available offline` चालू केलं की फाइल नेटशिवाय उघडते, बदलही करता येतात आणि नेट आलं की ते सगळ्यांच्या फाइलीत जाऊन बसतात. कॉपी काढली की भांडण सुरू. आमच्याकडे कारखान्यात एकानं घरी नेलेल्या कॉपीत आकडे सुधारले, मूळ फाइलीत जुनेच राहिले आणि मीटिंगमध्ये दोघं जण दोन वेगळे आकडे छातीठोक सांगत होते. चौघं एकाच फाइलीत बसलाय ते याचसाठी ना?

पिंपळगावची ताई
दादा, मुळात नेटचाच बंदोबस्त करा की. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं घ्या, एक फोन खिडकीत ठेवा, हॉटस्पॉट द्या. आमच्या बचत गटाच्या मेळाव्यात असंच केलं आणि चाललं.

गोदाकाठ
ताई, खिडकीतला फोन मीही ठेवतो, पण टॉवर तेवढाच आणि समोर दोनशे-तीनशे फोन. माणसं आत आली की रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात आणि पान मात्र उघडत नाही.

सातपूरकर, दोन फाइलींची भीती खरी आहे, त्यावर पुढे येतो. पण प्रश्नातलं एक वाक्य तुमच्या नजरेतून सुटलं: लॅपटॉप हॉलवाल्यांचा आहे. सरांनी जे ऑफलाइन चालू केलंय ते सरांच्या लॅपटॉपवर, त्यांच्या क्रोममध्ये, त्यांच्या प्रोफाइलमध्ये. हॉलच्या लॅपटॉपवर त्यातलं काहीच नसतं. तिथं नेटशिवाय लॉगिनसुद्धा होणार नाही.

दुसरं म्हणजे, ऑफलाइन ही बॅकअप नव्हे. भाच्यानं चुकून पाच स्लाइड्स उडवल्या, तर सरांचा लॅपटॉप नेटला लागताच तिथूनही त्या पाच जातात. तो मूळ फाइलीचा आरसा आहे. समोर जे आहे तेच दाखवणार.

सातपूरकर
उडवल्या तर `Version history` आहे की. Ctrl+Alt+Shift+H दाबा, कालची आवृत्ती परत आणा. त्यासाठी पेनड्राइव्ह कशाला?

गोदाकाठ
आहे, आणि मीही आधी तिकडेच बघतो. पण थेट `Restore` दाबू नका. त्यानं सगळी फाइल मागे जाते, म्हणजे बहिणीनं आज सकाळी केलेलं कामही समोरून जातं. जुन्या आवृत्तीच्या शेजारच्या तीन ठिपक्यांतून `Make a copy` करा, त्या कॉपीतून हव्या तेवढ्याच स्लाइड्स उचला आणि मूळ फाइलीत चिकटवा. हा इतिहास फक्त एडिटरला दिसतो, नुसता बघण्याचा हक्क असलेल्याला नाही. आणि तो फाइलीच्या आतच असतो. ज्याच्या खात्यावर फाइल आहे त्यानं ती कायमची काढली, की फाइलीबरोबर इतिहासही संपला. तुमची फाइल कोणाच्या खात्यावर आहे, दिंडोरीकर?

दिंडोरीचा बागायतदार
भाच्याच्या. कॉलेजच्या खात्यावर. यंदा त्याचं शेवटचं वर्ष आहे.

गोदाकाठ
मग आजच `File`, `Make a copy` करून गटाच्या खात्यावर घ्या आणि चौघं त्याच फाइलीत कामाला बसा. कॉलेजची खाती शिक्षण संपल्यावर अनेकदा बंद होतात.

आडगावचे मास्तर
आमच्या शाळेत संगणक कक्षातली यंत्रं रात्री स्वच्छ होतात. ब्राउझरमधलं सगळं पुसलं जातं, त्यात ऑफलाइनही गेलं. म्हणून मी ड्राइव्हच्या फोल्डरमधून फाइल सरळ पेनड्राइव्हवर ओढून घेतो. कितीही मोठं सादरीकरण असो, एका सेकंदात कॉपी होतं. पोरांनाही तेच शिकवलंय.

गोदाकाठ
मास्तर, ती एका सेकंदात होते हीच शंकेची जागा आहे. पेनड्राइव्हवरच्या त्या फाइलीचा आकार बघा. 1 KB असेल आणि नावाच्या शेवटी `.gslides` असेल, तर आत तुमची एकही स्लाइड नाही. तिच्यात फक्त पत्ता आहे, उघडली की ब्राउझर सुरू होऊन नेटवर जातो. खरी कॉपी `File`, `Download` मधूनच निघते. फोटो असलेली फाइल काही एमबींची भरते.

आडगावचे मास्तर
बघितलं. 1 KB. सोमवारी आधी पोरांना सांगावं लागणार.

जुना खेळाडू
एवढी उठाठेव कशाला? पहिल्यापासून लॅपटॉपवर पॉवरपॉइंटमध्ये करा आणि व्हॉट्सॲपवर पाठवा. वीस वर्षं तेच करतोय.

सातपूरकर
काका, मग `final`, `final2`, `final_खरी`. नको ते दिवस.

दिंडोरीचा बागायतदार
काल हॉलवर जाऊन आलो. `Download` मधून पॉवरपॉइंटची .pptx काढून त्यांच्या लॅपटॉपवर लावली. उघडली, पण अक्षर बदललेलं होतं. आम्ही मुक्ता फॉन्ट वापरलाय. तिथं दुसरंच जाडसर अक्षर आलं, ओळी वाढल्या आणि डावण्याच्या फवारणीच्या तक्त्याची शेवटची ओळ स्लाइडच्या खाली गेली. त्याच ओळीत औषधाची मात्रा होती! गंमत म्हणजे फॉन्टच्या चौकटीत नाव ‘मुक्ता’च दिसत होतं. छाटणीचा व्हिडिओ तर हललाच नाही.

गोदाकाठ
बरं झालं आधी गेलात. .pptx बरोबर फॉन्ट दुसऱ्या लॅपटॉपवर लागेलच असा भरवसा नाही. तो लागला नाही आणि त्या लॅपटॉपवरही मुक्ता नसेल तर विंडोज स्वतःकडचं देवनागरी अक्षर लावतं, आणि पॉवरपॉइंट नाव मात्र जुनंच दाखवत राहतं. म्हणून नावावर जाऊ नका. आपल्या स्क्रीनवर ओळ कोणत्या शब्दावर मोडते आणि तिथं कोणत्या, ते ताडून बघा. देवनागरीत हे जास्त जाणवतं, कारण वरच्या-खालच्या मात्रांमुळे दोन फॉन्टच्या ओळींची उंची बरीच वेगळी असते आणि तक्ता लगेच खाली वाढतो.

उपाय दोन आहेत. मुक्ता गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. त्याच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या आणि हॉलच्या लॅपटॉपवर उजवं क्लिक करून `Install` करा. विंडोज 10 च्या अलीकडच्या आवृत्त्यांत आणि 11 मध्ये स्वतःपुरता फॉन्ट टाकायला ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही. पॉवरपॉइंट मात्र बंद करून पुन्हा उघडा. दुसरा उपाय म्हणजे सोबत PDF काढणं. तिच्यात फॉन्ट आतच बसलेला असतो, मात्रेची ओळ कुठं जाणार नाही.

व्हिडिओचं म्हणाल तर तो फाइलीत उतरतच नाही, यूट्यूबचा असो की ड्राइव्हचा. उरतं ते नुसतं चित्र. मूळ mp4 असेल तर पॉवरपॉइंटमध्ये `Insert`, `Video` मधून नव्यानं घाला, नाहीतर वेगळा ठेवून वेगळाच चालवा. मी वेगळाच चालवतो, कमी भानगड.

अजून एक: स्लाइडमध्ये शीटमधून जोडलेला आलेख असेल तर डाउनलोडआधी त्यावरचं `Update` दाबा. तो आपोआप बदलत नाही आणि उतरल्यावर चित्र होऊन बसतो. शीटमध्ये आकडे नवे आणि पेनड्राइव्हवर जुने, हे तिथंच घडतं.

पिंपळगावची ताई
मग फक्त PDF न्या ना! .pptx चा नाद सोडा. PDF कुठल्याही लॅपटॉपवर उघडते, अगदी फोनवरसुद्धा.

दिंडोरीचा बागायतदार
ताई, आमचा फवारणीचा तक्ता एकेक ओळ पुढे येतो. सर एका ओळीवर पाच मिनिटं बोलतात, मग दुसरी. PDF मध्ये सगळा एकदम दिसला. लोक लगेच फोटो काढून मोकळे, सरांचं ऐकतो कोण?

गोदाकाठ
PDF मध्ये ॲनिमेशन राहत नाही, बरोबर. त्या एका तक्त्याच्या स्लाइडच्या चार प्रती करा, पहिलीत एक ओळ, दुसरीत दोन, अशा. मग PDF मध्येही ओळी एकेक करून येतील. बाकीच्यांना हात लावू नका.

सातपूरकर
मान्य, कॉपी लागणार. पण माझा मुद्दा तसाच आहे. सर सकाळी हॉलवर .pptx मध्ये दोन ओळी बदलणार, आणि ते बदल मूळ फाइलीत कोण नेणार? पुढच्या वर्षी भाचा मूळ फाइल उघडेल आणि जुनी मात्रा परत छापेल.

गोदाकाठ
हे मात्र खरं. म्हणून मी वेळ ठरवतो: आदल्या दिवशी संध्याकाळी सहानंतर कोणी बदल करायचा नाही. `Version history` मध्ये त्या आवृत्तीला `Name current version` नं नाव द्यायचं, तेव्हाच दोन्ही फाइली उतरवायच्या आणि नावात तारीख-वेळ घालायची, `chhatani_2409_1800.pptx` अशी. सकाळी बदल झालाच तर घरी येऊन मूळ फाइलीत `File`, `Import slides` मधून .pptx मधली तेवढीच स्लाइड आत घ्यायची. सगळी .pptx ड्राइव्हवर चढवायची नाही, नाहीतर फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली उभ्या राहतात.

सातपूरकर
घरी येऊन करतो म्हणणारे मी खूप बघितलेत. सकाळी बदलच नको. सरांना जे सुधारायचं ते तोंडी सांगू द्या.

जुना खेळाडू
औषधाची मात्रा तोंडी? लोक स्क्रीनचा फोटो घेऊन जातात आणि घरी त्यावरूनच औषध कालवतात. चुकीची ओळ स्क्रीनवर ठेवून तोंडानं दुरुस्ती, याला माझा विरोध.

सातपूरकर
मग ती स्लाइडच लपवा आणि फळ्यावर लिहा, काका. फळा हँग होत नाही.

दिंडोरीचा बागायतदार
हॉलवर फळा नाही, विचारतो. फाइल गटाच्या खात्यावर घेतली. हॉलवाल्यांनी मुक्ता टाकू दिला, तक्त्याची शेवटची ओळ वर आली, वायफाय बंद करून पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरवून बघितलं. व्हिडिओ वेगळा ठेवलाय. सहाची वेळ सरांना सांगितली, तर म्हणाले, छाटणीच्या आठवड्यात पाऊस झाला तर मला सकाळीच बदलावं लागेल. त्यांचंही चुकत नाही. पेनड्राइव्ह बहिणीकडे दिलाय, सरांना नाही.