सीईटीच्या निकालाचं पत्रक कसं छापावं? सल्ला हवा आहे

मिरजेचे_सर
मिरजेत आमचा अकरावी-बारावी सायन्सचा छोटा क्लास आहे. दहावीचे पालक सध्या चौकशीला येतायत, पत्रक याच आठवड्यात छापायला द्यायचंय. यंदा एका मुलीला एमएचटी-सीईटीला ९९.४ पर्सेंटाइल मिळाले. पण ती आमच्याकडे फक्त बारावीच्या बोर्डानंतरच्या क्रॅश कोर्सला होती, आधीची दोन वर्षं दुसरीकडे शिकली. दोन वर्षांच्या बॅचमध्ये ६४ मुलं आली, त्यातली ५५ शेवटपर्यंत राहिली आणि परीक्षेला बसली. ९०च्या वर ११ जण आहेत. समोरच्या क्लासचा फ्लेक्स चौकात लागलाय, पंधरा फोटो. आम्ही काय छापावं?

फ्लेक्सवाला_दादा
मुलीचा फोटो मोठा टाका. ती तुमच्याकडे आलीच होती, खोटं काय त्यात? खाली बारीक अक्षरात ‘क्रॅश कोर्स’ लिहा. प्रवेश अर्जावर ‘फोटो वापरू शकता’ अशी सही घेतलेली असते, परवानगीचाही प्रश्न नाही. सरकारच्या नोटिसा मोठ्या क्लासना जातात.

निकालवाली_ताई
दादा, तिचा फोटो छापायला हरकत नाही हे बरोबर, पण बाकीचं चालणार नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. विद्यार्थ्याचं यश दाखवायचं तर त्याने कोणता कोर्स केला आणि तो किती मुदतीचा होता हे सांगावं लागतं, आणि खुलासा दाव्याच्याच आकाराच्या अक्षरात हवा. संमती निकालानंतर लेखी घ्यायची. प्रवेशाच्या वेळची सही त्यासाठी धरत नाहीत. नोटिसा मोठ्यांना गेल्यात हे खरं, पण फसवणूक झाली असं वाटलं तर पालक १९१५ वर तक्रार करू शकतो, क्लास लहान असला तरी.

सर, पत्रकात मुलीच्या नावाशेजारी तेवढ्याच ठळकपणे लिहा, ‘क्रॅश कोर्स, २ महिने’. आणि ‘शेवटच्या ५ जागा’ हे जागा खरोखर पाचच उरल्या असतील तरच.

आता त्या ११ जणांचं. पर्सेंटाइल म्हणजे गुणांची टक्केवारी नव्हे, किती जण मागे राहिले तो आकडा. म्हणजे परीक्षा देणाऱ्या दर शंभरात साधारण दहा जण ९०च्या वर असणारच. तुमच्याकडे ५५ पैकी ११, म्हणजे पाचात एक. दुप्पट दिसतं, पण हे सगळं तुमच्या शिकवण्याचं श्रेय आहे का, हे ती मुलं दहावीला किती टक्के घेऊन आली त्यावर ठरेल. तशी फोड आहे का?

मिरजेचे_सर
रजिस्टर काढून मोजलं. दहावीला ८५च्या वर असलेले २०, त्यातले ९ जण ९०च्या पुढे गेले. ७० ते ८५ वाले २७, त्यातले फक्त २. उरलेले ८ सत्तरच्या खालचे, त्यातलं कोणीच नाही. मधल्या २७ जणांना क्रमाने लावलं तर मधोमध येणाऱ्या मुलाला ६८ पर्सेंटाइल आहेत.

सायलीची_आई
माझी सायली यंदा ७६ टक्क्यांनी दहावी झाली. तिला नीट द्यायचीय, सीईटी नाही, तरी विचारते. मधेच क्लास सोडला तर फी परत मिळते का? आमच्या भाच्याची पूर्ण वर्षाची फी बुडाली.

निकालवाली_ताई
ताई, शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय की पूर्ण फी भरून मुलाने मधेच सोडलं, तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी. राज्यात ते किती पाळलं जातं हा वेगळा विषय. तुम्ही भरण्याआधी परताव्याची अट पावतीवर लिहून घ्या.

सर, सायलीच्या आईंसारख्या पालकाला तुमचा तो ६८ चा आकडाच कामाचा आहे. ७६ टक्क्यांची मुलगी घेऊन येणाऱ्याला टॉपरच्या फोटोवरून काही कळत नाही. मी असं छापेन: ‘दोन वर्षांच्या बॅचला ६४ प्रवेश, ५५ परीक्षेला बसले, ११ जण ९० पर्सेंटाइलच्या वर. दहावीला ७० ते ८५ टक्के असलेल्या २७ जणांपैकी निम्मे ६८ किंवा त्याहून वर.’ सोडून गेलेले ९ लपवू नका. पहिला प्रश्न त्यांच्याबद्दलच येईल.

फ्लेक्सवाला_दादा
संमतीचं माहीत नव्हतं, माझ्या बाकीच्या गिऱ्हाइकांनाही सांगतो. पण ६८ आकडा बघून पालक समोरच्या क्लासला जाणार. फ्लेक्स वाचायला माणूस चौकात थांबत नाही.

निकालवाली_ताई
ते खरं आहे. म्हणून फ्लेक्सवर फक्त विषय, शिक्षकांची नावं, बॅचची मुलसंख्या आणि डेमो लेक्चरची तारीख द्या. आकडे पत्रकात, जे पालक घरी बसून वाचतात. तरीही यंदा चार प्रवेश कमी होतील का, ते मी सांगू शकत नाही.

मिरजेचे_सर
नऊपैकी पाच जण गणित झेपेना म्हणून गेले, तिघांच्या वडिलांची बदली झाली, एकाने डिप्लोमा घेतला. हे छापतो. मुलीच्या वडिलांना फोन केला, ते लेखी देतायत. एकच अडलंय. सत्तरच्या खालचे आठच जण आहेत, गाव लहान. आकडा छापला तर लोक कोणाचा ते ओळखतील. वगळला तर लपवल्यासारखं होईल.

सायलीची_आई
सर, तो छापू नका, पण कोणी विचारलं तर ऑफिसात तोंडी सांगा. आणि नीटची बॅच आहे का तुमच्याकडे?