आकाशातल्या विजेच्या तारा आणि खांब पुसायचेत, पण डाग नकोत. सल्ला द्या

माडाखालची_मनू
मंडळी, मदत हवीये. दापोलीजवळ माझं आजोळ आहे, त्या घराचा मामेभावाने कॅमेऱ्यावर काढलेला संध्याकाळचा एक सुंदर फोटो आहे. कौलारू घर, मागे माड, वर केशरी ते निळं होत जाणारं आकाश आणि त्यात थोडे पिंजलेले ढग. पण बरोब्बर मधून विजेच्या तीन तारा गेल्यात आणि उजवीकडे सिमेंटचा खांब. वरच्या दोन तारा मोकळ्या आकाशातून जातात, तिसरी खाली येऊन घराच्या आढ्याजवळ शिरते. आईच्या सत्तरीला २४ बाय १६ इंचाचा प्रिंट द्यायचाय. मी गिंप वापरते, लॅपटॉप जुना आहे, खर्च शून्य (प्रिंटचेच पैसे जातील). हील टूलने तार पुसली तर तिथे पुसट पट्टा राहतो, ओल्या बोटाने भिंत पुसल्यासारखा. क्लोन केलं तर एकच ढग दोनदा दिसतो. काय चुकतंय?

शटर_दादा
सरळ फोटोशॉपचं महिन्याचं सबस्क्रिप्शन घे. नव्या व्हर्जनमध्ये रिमूव्ह टूलला तारा स्वतःच शोधून काढायचं बटण आलंय, Wires and cables नावाचं. मी लग्नाच्या एका आउटडोअर शूटच्या चाळीस फोटोंतल्या तारा एका दुपारी उडवल्या. वेळ म्हणजे पैसा.

माडाखालची_मनू
दादा, खर्च शून्य लिहिलंय वर 🙂

शटर_दादा
एका महिन्याचं म्हणतोय, वर्षाचं नाही. आईपेक्षा जास्त का ते?

खडूस_काका
पुसायचं कशाला? जागा बदलून परत काढा. चार पावलं डावीकडे सरकलं असतं तर खांब माडामागे गेला असता. आजकाल कुणाला पाय हलवायचे नाहीत, सगळं नंतर कॉम्प्युटरवर. आणि मुळात या तारा जमिनीखालून न्यायला काय होतं? आमच्या गावात दर पावसाळ्यात फांदी पडते आणि दोन दिवस अंधार.

कोकणकडा७७
काका, जांभ्यात चर खणायचा खर्च माहितीये का? आणि खाली केबल खराब झाली की ती शोधणार कोण?

खडूस_काका
शोधतात. मशीन असतं.

माडाखालची_मनू
काका, परत काढता येणार नाही. मागच्या वर्षी डावीकडचा मोठा माड पडला वादळात. हाच फोटो आहे.

स्वप्ना_पुणे
मी मोबाईलवर स्नॅपसीडच्या हीलिंगने करते, मस्त होतं. एक बोट फिरवलं की तार गायब. इन्स्टावर टाकलेला एकही फोटो कुणी ओळखला नाही.

निवांत_रिटचर
स्वप्नाताई, इन्स्टावर फोटो हाताच्या पंजाएवढा दिसतो. मनूचा २४ इंच होणारे आणि भिंतीवर लागणारे, माणसं दोन फुटांवरून बघणार. सगळी तार एका फटक्यात पुसली तर पट्टा दिसणारच.

मनू, आधी एक सांग. तुझ्याकडे मूळ फाइल आहे की व्हॉट्सअॅपवरून आलेली?

फोटोवेडा_नाशिक
साधा नियम सांगतो, सोर्स नेहमी त्याच उंचीवरून आडवा घ्यायचा. आकाशाचा रंग वरून खाली बदलतो, डावीउजवीकडे फारसा नाही. त्याच उंचीवरून घेतलं की रंग जुळतोच. सोर्स वरून किंवा खालून घेतला की पट्टा आलाच. मी कायम असंच करतो.

निवांत_रिटचर
नाशिककर, खांबासाठी बरोबर. पण तार आडवी आहे, तिच्याच उंचीवरून आडवा सोर्स घेतला तर हातात काय येईल? तारच.

फोटोवेडा_नाशिक
हा, तारेचं डोक्यात नव्हतं. पण खांबाला चालतंच.

माडाखालची_मनू
@निवांत_रिटचर व्हॉट्सअॅपवरचीच होती 🙈 भावाला कार्डातली मागितली, आता ६००० बाय ४००० ची आलीये. तारेजवळ बारीक मुंग्यांसारखं काहीतरी दिसायचं, तेही यात नाहीये.

निवांत_रिटचर
त्या मुंग्या म्हणजे कॉम्प्रेशनची घाण. काळी तार आणि उजळ आकाश शेजारी आलं की लहान जेपेगमध्ये तारेच्या दोन्ही बाजूंना ती साचते. तू तार पुसत होतीस, घाण तिथेच राहत होती. अर्धं दुखणं तेच होतं.

आता उरलेलं. ६००० पिक्सेल २४ इंचात म्हणजे इंचाला २५०. १०० टक्के झूम करून बघ, तार साधारण सहासात पिक्सेल जाड असेल, पण तिच्या कडेला शार्पनिंगची पांढुरकी किनार असते, ती धरून बाराएक. ब्रश तारेएवढा घेतलास तर किनार मागे राहते आणि तार गेली तरी तिचं भूत दिसतं. ब्रश पंधरासोळा घे.

आणि ब्रश मऊ घेऊ नकोस, हार्डनेस ८०-९० ठेव. सगळे मऊ घ्या म्हणून सांगतात आणि तिथेच फसतात. आकाश कितीही गुळगुळीत वाटलं तरी त्यात बारीक दाणा असतो. मऊ ब्रशच्या कडेला जुना दाणा आणि नवा दाणा एकमेकांत मिसळतो, आणि दोन वेगळे दाणे मिसळले की सरासरी होऊन ते फिके पडतात. तो फिकेपणा म्हणजेच तुझा ओल्या बोटाचा पट्टा. त्याच जागेवरून तीनदा फिरवलंस की आणखी गुळगुळीत. म्हणून एका जागी एकदाच, बिघडलं तर Ctrl+Z, त्यावरच परत घासायचं नाही.

लेयरची कॉपी करून त्यावर हील टूल, सोर्स तारेच्या वीसपंचवीस पिक्सेल वर. हील दाणा सोर्सचा घेतं आणि रंग आजूबाजूचा जुळवतं, त्यामुळे नाशिककर म्हणतात तो रंगाचा फरक इथे निघून जातो. क्लोन तसं जुळवत नाही. एका टोकाला क्लिक, मग शिफ्ट दाबून पुढे क्लिक, की मधली सरळ रेघ पुसली जाते. तार झोळ खाते ना, म्हणून एका वेळी दीडदोनशे पिक्सेलच. आणि दर दोनतीन तुकड्यांनी सोर्स बदल, एकदा वरून, एकदा खालून. ढग दोनदा दिसतो तो एकाच बाजूने ओढत गेल्यामुळे.

मुलुंडचा_मध्या
+१ शिफ्ट क्लिक. हेच सांगणार होतो.

सुलभा_आजी
आमच्या बाल्कनीसमोर केबलवाल्याची तार लोंबकळतेय, दोन महिने झाले. ती काढायला अर्ज कुठे करायचा कुणी सांगेल का? धाग्याचं नाव बघून आले.

कोकणकडा७७
आजी, इथे फोटोतली तार काढतायत 😀 खरी काढायची तर आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठा. आणि स्वतः हात लावू नका.

शटर_दादा
एवढ्या शिफ्ट क्लिकात रविवार जाणार. मी तरी सबस्क्रिप्शनच घेईन.

माडाखालची_मनू
वरच्या दोन तारा झाल्या! पाऊण तास लागला. खरंच कळत नाही. पण तिसरी आढ्याला भिडते तिथे कौलांचा काळा रंग आकाशात ओघळलाय, शाई सांडल्यासारखा. आणि खांबाला हील लावलं तर मधेच ढगाळ थिगळ.

निवांत_रिटचर
ओघळ हीलनेच केलाय. ते कडेचा रंग जुळवायला बघतं, कडेला कौल आलं की कौलाचा काळा आत ओढतं. आढ्यापासून वीसपंचवीस पिक्सेल अलीकडे हील थांबव. उरलेल्या तुकड्याला क्लोन घे. आधी आकाशाच्या बाजूने आढ्याची कड धरून सिलेक्शन कर म्हणजे रंग कौलावर जाणारच नाही, आणि सोर्स अगदी लगतच्या आकाशाचा. तुकडा इवलासा आहे, रंग बदलायला वावच नाही.

खांबाची गोष्ट वेगळी. तो किती पिक्सेल?

माडाखालची_मनू
नव्वद. मोजला.

निवांत_रिटचर
म्हणजे प्रिंटवर नऊ मिलिमीटर. तार पौण मिलिमीटरही नाही. एवढ्या रुंदीला ब्रशने भरत बसलं की थिगळ दिसतंच. इथे नाशिककरांचं ऐक. शेजारच्या मोकळ्या आकाशाचा खांबाहून दुप्पट रुंद उभा तुकडा सिलेक्ट कर, कड वीसेक पिक्सेल फेदर कर, कॉपी करून नव्या लेयरवर आण आणि फक्त आडवा सरकवून खांबावर बसव. उंची तीच राहिली की रंग जुळतो. पण सगळा खांब एकाच तुकड्याने झाकू नकोस, ढग जुळे होतील. वरचा भाग डावीकडून, खालचा उजवीकडून. फेदरच्या कडेला दाणा थोडा फिका पडेल, तेवढ्याच पट्टीवर Filters → Noise → RGB Noise अगदी हलका दे, Independent RGB बंद करून, नाहीतर रंगीत ठिपके येतील.

फोटोवेडा_नाशिक
बघा, आलं ना आडवं 😎

मुलुंडचा_मध्या
आणि झालं की फोटो लांबून बघा, पुसलेलं कळतं का ते.

निवांत_रिटचर
लांबून नाही कळत, डोळ्याला सवय झालेली असते. मनू, Layer → New from Visible कर आणि त्या लेयरवर Colors → Curves उघडून रेघ दोनतीनदा वरखाली नागमोडी कर. आकाश भयानक इंद्रधनुषी दिसेल पण जिथे थिगळ असेल तिथे पट्टे तुटलेले दिसतील. दुरुस्ती खालच्या लेयरवर करायची आणि तो वेडा लेयर शेवटी काढून टाकायचा. एकदा मी हे न बघता छापायला दिलं होतं, गिऱ्हाइकाने फ्रेम भिंतीवर लावल्यावर मला फोन करून बोट ठेवून जागा सांगितली. प्रिंट माझ्या खर्चाने दुसरी.

खडूस_काका
खांबाचा खालचा भाग कुंपणाच्या मेंदीत गेलाय ना? तिथे काय करणार? तिथे आकाश नाही.

निवांत_रिटचर
काका, हा पहिला कामाचा प्रश्न विचारलात. तिथे पानं हाताने क्लोन करावी लागतात, सोपं नाही.

माडाखालची_मनू
दोन दिवस प्रयत्न केला. आकाशातला खांब छान गेला, नागमोडी लेयरमध्ये एक थिगळ सापडलं तेही काढलं. मेंदीत मात्र एकच फांदी पाच वेळा उगवलीये, मला बघवेना. शेवटी असं ठरवलंय: वरच्या दोन तारा गेल्या त्या गेल्या. खांब आणि घरात शिरणारी तिसरी तार परत आणली. म्हणजे खांब उगाच उभा वाटत नाही, त्याच्यावरून घरात वीज येतेय एवढं दिसतं. प्रिंटला दिला आज.

शटर_दादा
अगं मग एवढा खटाटोप कशाला केला सगळ्यांनी!

फोटोवेडा_नाशिक
आकाशातला खांब छान गेला होता तर खाली क्रॉप करायचं ना मेंदीच्या वरून.

माडाखालची_मनू
मेंदीच्या पुढे विहीर आहे, ती कापली तर आई मला विहिरीत टाकेल.

निवांत_रिटचर
खांबावर दोन तारांचे चिनीमातीचे इन्सुलेटर रिकामे राहिले असतील बघ, ज्याला त्यातलं कळतं तो विचारेल.

माडाखालची_मनू
😭 प्रिंटला गेला हो.

सुलभा_आजी
सेक्रेटरी गावाला गेलाय. दुसरं कुणी?