मदत हवी आहे: वाडीच्या वेबसाइटवर बुक झालेली तारीख मोकळी दिसतेय (तातडीचं)

रावपुऱ्याचा_पुतण्या

काकांची लग्नाची वाडी आहे, दांडिया बाजारच्या जवळ. वेबसाइटवर फोटो आहेत, हॉलची ३६० अंशांतली फेरी आहे, तीन पॅकेजांची तुलना आहे आणि तारीख विचारायचा फॉर्म आहे. ज्या मुलाने बनवली तो कॅनडाला गेला, आता मेसेजलाही उत्तर देत नाही.

२९ नोव्हेंबरचा रविवार आमच्याकडे पक्का झालाय. साइटवर तो हिरवा, म्हणजे मोकळा दिसतोय. काल दुसऱ्या पार्टीने त्याच तारखेचं टोकनही पाठवलं. काका सकाळपासून माझ्या नावाने शंख करतायत. काय बदलायचं ते कोणी पटकन सांगा, कोड मला थोडाफार कळतो.

कॅमेरेवाला_मांजलपूर

लिंक दिली नाहीस तरी सांगतो, कारण सगळ्या हॉलवाल्यांची हीच बोंब असते. फोटोग्राफरने दिलेले सहा-सात एमबीचे फोटो तसेच चढवतात. मोबाइलवर गॅलरी उघडेपर्यंत माणूस दुसऱ्या वाडीला फोन लावून मोकळा. रुंदी १६०० पिक्सेलवर आण आणि खालचे फोटो स्क्रोल केल्यावरच उतरू देत. ३६० चं चित्र पान उघडताच उतरवू नकोस, आधी साधा फोटो दाखव, त्यावर बोट ठेवलं की मग फेरी सुरू कर.

रावपुऱ्याचा_पुतण्या

दादा, फोटो ठीक आहेत. तारीख! तारीख चुकतेय!

अलकापुरी_सुमेधा

तारीख साठते कुठे? फॉर्म भरला की ती कुठे जाते, पक्की झाली असं कोण लिहितं, आणि साइटवरचं कॅलेंडर ती कुठून उचलतं? सगळ्याच तारखा चुकतात की काहीच? एक खरी ओळ इथे टाक, नाव-नंबर काढून.

रावपुऱ्याचा_पुतण्या

गूगल शीटमध्ये जाते. काकू शीटमध्ये "पक्कं" लिहिते, की कॅलेंडरमध्ये ती तारीख लाल होते. काही बरोबर आहेत, काही चूक. या पार्टीची ओळ अशी आहे:

```
2026-11-28, 350 पाहुणे, पॅकेज 2, पक्कं
```

त्यांनी फॉर्मवर २९ भरली होती. ऑफिसला मेल येतो त्यातही २९ च आहे. मग शीटमध्ये २८ कशी?

निवृत्त_पण_ऑनलाइन

सोपं आहे. शीटच्या फाइल सेटिंगमध्ये टाइम झोन असतो, तो अमेरिकेचा राहिलेला असणार. भारताचा कर, सगळं जागेवर येईल. आमच्या सोसायटीच्या हिशोबात हेच झालं होतं.

रावपुऱ्याचा_पुतण्या

बघितलं काका. भारताचाच होता. तरी एकदा बदलून परत लावला. नवी चाचणी चौकशी टाकली ३० नोव्हेंबरची, आली २९. डोकं फिरायची वेळ आलीय.

मुलीची_आई_वडोदरा

विषय निघालाच आहे तर मीही सांगते. गेल्या वर्षी आम्हाला एका वाडीने (तुमची नव्हे, नाव घेत नाही) साइटवर तारीख मोकळी दाखवली आणि फोनवर म्हणाले, "ती तर कधीच गेली." आणि ती पॅकेजांची तुलना! तिन्ही रकान्यांत ताटाचा भाव मोठ्या अक्षरात, आणि जनरेटरचं डिझेल, सफाई, रात्री अकरानंतर जादा तास हे कुठल्याच रकान्यात नाही. आम्ही स्वस्त समजून पहिलं पॅकेज घेतलं, शेवटी दुसऱ्याच्या वर गेलं. तुमच्या तुलनेत एक ओळ घाला, "यात काय नाही" अशी. आम्हा आयांना तीच ओळ वाचायची असते.

कॅमेरेवाला_मांजलपूर

ताई, एकदम बरोबर बोललात. आणि सजावटीचे फोटो तिसऱ्या पॅकेजचे, लावलेले पहिल्याच्या खाली. हेही सर्रास चालतं.

अलकापुरी_सुमेधा

विषयावर या. पुतण्या, "काही बरोबर, काही चूक" यातच उत्तर दडलेलं असणार. बरोबर आलेल्या ओळी कोणाच्या आहेत ते बघ. कुठून भरल्या, कोणी भरल्या.

रावपुऱ्याचा_पुतण्या

बघितलं. काकू फोनवर आलेल्या चौकशा शीटमध्ये हाताने टाइप करते, त्या सगळ्या बरोबर. फॉर्मवरून आलेल्या जवळजवळ सगळ्या एक दिवस मागे. न्यू जर्सीच्या एका मुलाने डिसेंबरच्या रिसेप्शनसाठी भरलेली मात्र बरोबर आहे. अमेरिकेतून बरोबर येते आणि कारेलीबागेतून चूक, हा काय प्रकार आहे?

अलकापुरी_सुमेधा

मग मला दिसलं. फॉर्मच्या कोडमध्ये `toISOString` शोध. सापडेल अशी माझी पैज.

रावपुऱ्याचा_पुतण्या

सापडलं!!

```js
date: picked.toISOString().slice(0, 10)
```

अलकापुरी_सुमेधा

आता शांतपणे ऐक. माणूस कॅलेंडरमध्ये २९ वर बोट ठेवतो, तेव्हा ब्राउझर त्याचा अर्थ "२९ तारीख, रात्रीचे बारा, इथली वेळ" असा धरतो. `toISOString` ती वेळ ग्रीनिचच्या वेळेत करून देतो. आपण साडेपाच तास पुढे आहोत, म्हणजे आपल्याकडे २९ चे रात्री बारा वाजतात तेव्हा तिकडे २८ ची संध्याकाळ, साडेसहा. मग `slice` पहिली दहा अक्षरं ठेवतो आणि वेळ कापून टाकतो. उरते २८. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये स्वतः करून बघ (महिने शून्यापासून मोजतात, म्हणून नोव्हेंबर १०):

```js
new Date(2026, 10, 29).toISOString()
// "2026-11-28T18:30:00.000Z"
```

न्यू जर्सी ग्रीनिचच्या मागे. तिथल्या रात्री बाराला ग्रीनिचला त्याच तारखेची पहाट असते, म्हणून त्याची तारीख वाचली. मेल बरोबर, कारण मेलमध्ये तारीख बहुतेक `toLocaleDateString` ने लिहिलेली असणार, तो इथलीच वेळ धरतो. आणि निवृत्तकाकांचा टाइम झोन शीटचा होता. शीटपर्यंत येण्याआधीच, गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्येच, तारीख कापली जातेय. शीट बिचारी काय करणार.

निवृत्त_पण_ऑनलाइन

म्हणजे दुखणं टाइम झोनचंच निघालं ना! माझं फार काही चुकलं नव्हतं. मग एवढं कशाला, साठवताना एक दिवस मिळवून टाका. एका ओळीचं काम.

अलकापुरी_सुमेधा

काका, रोग तुम्ही बरोबर ओळखलात, औषध चुकलं. एक दिवस मिळवला की न्यू जर्सीवाल्याची बरोबर तारीख एक दिवस पुढे जाईल. बडोद्यातल्या वाडीला परदेशातूनही चौकशा येतात.

निवृत्त_पण_ऑनलाइन

मग भारतातून आली तरच मिळवा. फोन नंबर +91 असला की बस.

अलकापुरी_सुमेधा

लंडनमधला मुलगा बाबांचा नंबर टाकतो, काका. आणि लंडनचं तर आणखी गमतीचं आहे. तिथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असतं. पुतण्या, शीटमध्ये लंडनची ओळ असली तर बघ. नोव्हेंबरची मागितली असेल तर बरोबर असेल, मे महिन्याची असेल तर चूक.

रावपुऱ्याचा_पुतण्या

ताई, तुम्ही शीट बघताय की काय? एकाच माणसाने दोन तारखा विचारल्यात. २२ नोव्हेंबर बरोबर आलीय, आणि ९ मे ची ८ मे झालीय.

अलकापुरी_सुमेधा

मग झालं तर. लग्नाची तारीख ही वेळ नव्हेच, ती पंचांगातली तारीख आहे. तिला ग्रीनिचला पाठवायचंच नाही. त्या ओळीच्या जागी हे:

```js
const two = n => String(n).padStart(2, '0');
const day = picked.getFullYear() + '-' +
  two(picked.getMonth() + 1) + '-' +
  two(picked.getDate());
```

आणि `date: day` पाठव. ही तिन्ही कामं माणूस बसलाय तिथल्या वेळेने होतात, त्यामुळे त्याने जे बोट ठेवलं तेच येतं. शीटचा तो रकाना "साधा मजकूर" करून ठेव, नाहीतर शीट त्याची पुन्हा तारीख बनवेल.

रावपुऱ्याचा_पुतण्या

केलं. ३० टाकली, ३० च आली. मोबाइलचा टाइम झोन न्यूयॉर्क करूनही ३० च. सुमेधाताई, जेवायला या, काकूच्या हातची पुरणपोळी.

पण जुन्या ओळींचं काय? फॉर्मच्या ६४ आहेत. सगळ्यांत एक दिवस मिळवू?

अलकापुरी_सुमेधा

अजिबात नको, तीच न्यू जर्सीची गोष्ट. तुझं नशीब की मेल बरोबर होते. प्रत्येक ओळ तिच्या मेलशी ताडून बघ, वेगळी दिसली तरच बदल. काकूने टाइप केलेल्यांना मेल नसेल, त्यांना हात लावू नकोस. ६४ म्हणजे तासाभराचं काम आहे, त्याला स्क्रिप्ट लिहीत बसू नकोस.

मुलीची_आई_वडोदरा

एक विचारू? इतके दिवस कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही? काकू तर रोज शीट बघतात.

रावपुऱ्याचा_पुतण्या

हेच मी काकूला विचारलं. ती म्हणाली, "अरे, २८ ला सीमांतपूजन, २९ ला लग्न. हॉल आदल्या संध्याकाळपासूनच देतो ना आपण? मला वाटलं शीट पहिल्या दिवसाची तारीख लिहिते." गुजराती पार्टीचा आदल्या रात्री गरबा असतो, तेही चालून गेलं. तिच्या वहीत सगळं बरोबर आहे, दोन्ही दिवस लिहिलेत.

निवृत्त_पण_ऑनलाइन

वहीच बरी. मी म्हणतच होतो.

रावपुऱ्याचा_पुतण्या

काका, वही तुम्ही आत्ता पहिल्यांदा म्हणालात.

तासाभराने आलो. ६४ पैकी ६१ बदलल्या. त्यांत पक्क्या सात होत्या, पैकी दुहेरी चौकशी फक्त २९ च्या दिवशी अडकली. टोकनवाल्यांना काकांनी स्वतः फोन केला, पैसे परत पाठवले, २२ ची तारीख देऊ केली. त्यांचे गुरुजी हो म्हणतात का ते उद्या कळेल.

आता नवीन अडचण. २९ लाल झाली, पण २८ हिरवी दिसतेय, आणि २८ ची संध्याकाळ सीमांतपूजनाला गेलेली आहे. सकाळ मात्र मोकळी आहे, मुंज वगैरे सहज होईल. २८ लाल केली तर काका म्हणणार धंदा घालवला, हिरवी ठेवली तर पुन्हा बोंब.

अलकापुरी_सुमेधा

मग तारखेऐवजी सत्र विकायचं. शीटमध्ये तारखेशेजारी एक रकाना, "सकाळ" किंवा "संध्याकाळ". लग्नाच्या एका बुकिंगच्या तीन ओळी होतील: २८ संध्याकाळ, २९ सकाळ, २९ संध्याकाळ. कॅलेंडरचा चौकोन अर्धा लाल करायचा.

मुलीची_आई_वडोदरा

सकाळची मुंज वेळेत संपते असं कोणी सांगितलं तुम्हाला? आमच्याकडे चारपर्यंत पंगती चालू होत्या, आणि पाचला डेकोरेशनवाला टेम्पो दारात उभा.

रावपुऱ्याचा_पुतण्या

हेच काकू म्हणते. काका म्हणतात, होतं सगळं. दोघांचं आत वाजलंय, ते मिटलं की रकान्याला हात लावतो.

कॅमेरेवाला_मांजलपूर

तोवर फोटो तरी लहान करून घे रे.